आयडी नसलेलं गिऱ्हाईक

माझ्या धंद्यात मला सगळ्यात जास्त भीती कशाची, तर माझ्या लाइनवर त्याच मालाचा दुसरा डीलर यायची. बेळगावच्या अनगोळात माझं छोटं गोदाम आहे. पिरनवाडीपासून पुढे खानापूर, नंदगडपर्यंतच्या किराणा दुकानांना बिस्किटं, चहा आणि साबण पुरवतो. कंपनीनं मध्येच कुणाला सबडीलर नेमलं तर माझा खप तुटतो, म्हणून एरिया ऑफिसरशी गोड बोलून राहावं लागतं. त्यामुळे मच्छे गावातला माझा भाचा एका रविवारी घरी येऊन "मामा, आमच्या बिझनेसमध्ये जेवढे जास्त डीलर, तेवढी आपली इन्कम जास्त" असं म्हणाला, तेव्हा माझे कान तिथेच टवकारले.

भाचा उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे. पगार बेताचा, शिफ्ट बदलती, लग्न ठरायचं आहे. त्याला कारखान्यातल्याच एका जुन्या मित्रानं या माणसं जोडायच्या धंद्यात आणलं होतं. दहा हजार भरून आयडी, म्हणजे सभासदाचा नंबर, घेऊन झाला होता आणि मालाचा खोका आमच्या आक्काच्या पलंगाखाली होता. त्याला आता स्वतःखाली एक डावीकडे आणि एक उजवीकडे असे दोघे बसवायचे होते. उजवीकडे त्यानं कारखान्यातलाच एक दोस्त आधीच बसवला होता. डावीकडची जागा मामासाठी राखून ठेवली होती. आक्काचा मला वेगळा फोन आला होता, "तू जाऊन बघ की जरा, पोरगं काय करून बसलंय ते." म्हणून मी त्याच्याबरोबर मीटिंगला गेलो.

मीटिंग कॉलेज रोडवरच्या एका हॉटेलात, पहिल्या मजल्यावर होती. बोलणारा तिशीचा होता, कोट घातलेला, आणि बोलायला हुशार. समोर मराठी माणसं दिसली की मराठी, मागून कुणी कन्नडमध्ये विचारलं की कन्नड, आणि आकडा आला की इंग्रजी. पहिला तास नोकरीला शिव्या देण्यात गेला. मग बोर्डावर एक गोल काढला, त्याच्या खाली दोन, दोनाखाली चार. माल काय आहे हे शेवटच्या दहा मिनिटांत आलं, तेही डबे हातात धरून दाखवण्यापुरतं. मी गेली कित्येक वर्षं कंपन्यांच्या डीलर मीटिंगना जातो. तिथे पहिल्या पाच मिनिटांत नवीन पुडा हातात देतात, मार्जिन सांगतात आणि टार्गेटवरून भांडण सुरू होतं. इथे अख्ख्या दुपारी मार्जिन हा शब्दच कुणी काढला नाही.

चहाच्या वेळी मी त्या सरांना बाजूला गाठलं. म्हटलं, "सर, मी पण सप्लाय लाइनमधलाच आहे. एकच विचारतो. गेल्या महिन्यात आयडी नसलेल्या किती गिऱ्हाइकांना तुम्ही बिल फाडलं?"

ते हसले. "अहो, कस्टमर आला की आम्ही त्याला आयडीच देतो. त्याचा पण फायदा झाला पाहिजे की."

म्हणजे गिऱ्हाईक असं कुणी नाहीच. जो येतो तो डीलर होऊन येतो, आणि त्यानं भरलेल्या पैशांतून वरच्यांचं कमिशन निघतं. मला जे कळायचं होतं ते इथेच कळलं. पण भाच्याला माझ्या तोंडच्या शब्दानं पटणार नव्हतं, म्हणून घरी आल्यावर प्लॅनचा कागद मागून घेतला आणि कॅल्क्युलेटर घेऊन आम्ही दोघे बसलो.

प्लॅन असा होता. एका आयडीचं पॅकेज साडेनऊ हजारांचं. तुमच्या खाली दोन बाजू, त्यांना ते लेग म्हणतात. पहिली जोडी जुळायला एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस लागतो. त्यानंतर डावीकडे एक, उजवीकडे एक अशी जोडी जुळली की झालं. प्रत्येक जोडीला दीड हजार रुपये. शिवाय आयडी चालू ठेवायची तर महिन्याला दीड हजाराचा माल स्वतः उचलायचा, नाहीतर त्या महिन्याची जोडी बुडाली. हा महिन्याचा खर्च हिशेबात धरायचाच नाही असं मी ठरवलं. प्लॅनला झुकतं माप द्यायचं आणि तरी काय होतं ते बघायचं.

भाच्यानंच वहीत झाड काढलं. वर एक, खाली दोन, मग चार, आठ, सोळा, बत्तीस. एकूण त्रेसष्ट माणसं. एकही जागा रिकामी नाही, सगळ्यांनी मनापासून काम केलंय, कुणी मध्ये सोडलेलं नाही. असं झाड प्रत्यक्षात उगवत नाही, पण त्याच्या सरांनी बोर्डावर हेच काढलं होतं, म्हणून हेच घेतलं.

सगळ्यात खालच्या बत्तीस जणांखाली कुणीच नाही. त्यांना शून्य. त्यांच्या वरचे सोळा घ्या. प्रत्येकाखाली डावीकडे एक, उजवीकडे एक. पण पहिल्या जोडीला तिघे लागतात, इथे दोघेच. म्हणजे त्यांनाही शून्य. इथे भाचा पहिल्यांदा थांबला. "दोघं आणली की सुरू होतं असं म्हणाले होते," म्हणाला. दोघं आणल्यावर काय सुरू होतं, तर तुमच्या दोघांनी पुढची माणसं शोधायला सुरुवात करायची.

त्यांच्या वरचे आठ. प्रत्येकाखाली तीन आणि तीन. पहिल्या जोडीत एकीकडचे दोन आणि दुसरीकडचा एक गेला, उरलेल्यांतून आणखी एक जोडी. दोन जोड्या, तीन हजार रुपये. भरलेत साडेनऊ हजार. त्यांच्या वरचे चार, प्रत्येकाखाली सात आणि सात, सहा जोड्या, नऊ हजार. ज्याच्या खाली चौदा माणसं कामाला लागली आहेत त्याचेही साडेनऊ हजार अजून पूर्ण निघालेले नाहीत. मग राहतात वरचे तिघे. त्यातल्या दोघांना एकवीस-एकवीस हजार आणि टोकाच्या एकाला पंचेचाळीस हजार.

भाचा म्हणाला, "पण मामा, माल पण मिळतो की." बरोबर आहे, मालाची किंमत धरलीच पाहिजे. आक्काच्या पलंगाखालचा खोका ओढला. आत प्रोटीन पावडरचा डबा, कसल्याशा रसाच्या दोन बाटल्या, दोन टूथपेस्ट, साबणाच्या चार वड्या आणि गोळ्यांची एक बाटली. साबण, टूथपेस्टचे भाव मला तोंडपाठ आहेत. पावडर आणि गोळ्यांसारखा माल केमिस्टकडे काय भावानं जातो हे ओळखीच्या दुकानदाराला फोन करून विचारलं. साबणाच्या वडीवर छापलेली किंमत मी पुरवतो त्या चांगल्या साबणाच्या अडीचपट होती, आणि वजन कमी. सगळा खोका बाजारभावानं सव्वीसशेच्या आसपास आला. तो प्रत्येकाच्या पदरात टाकला, तर नऊ हजारवाले चौघे तेवढे काठावर येतात. त्रेसष्टांपैकी सात वाचले, छप्पन तोट्यात.

मग मी त्याला एकूण बेरीज करायला लावली. त्रेसष्ट जणांनी भरले पाच लाख अठ्ठ्याण्णव हजार पाचशे. सगळ्यांना मिळून कमिशन गेलं एक लाख सत्तेचाळीस हजार. म्हणजे भरलेल्या रुपयातला साधारण चार आणे माणसांत परत फिरला. बाकीच्यात तो सव्वीसशेचा माल आणि कंपनी.

झाड वाढवलं तर हे प्रमाण सुधारेल असं भाच्याला वाटत होतं. आणखी एक ओळ जोडून बघितली. नवीन चौसष्ट आले, ते शून्यावर. आधीचे बत्तीस त्यांच्या वर गेले, पण पहिल्या जोडीच्या अटीमुळे तेही शून्यावरच. दर वेळी नव्यानं आलेली ओळ आधीच्या सगळ्यांहून मोठी असते, म्हणून कधीही थांबवून बघा, चारातले तीन जण काहीच न मिळालेले सापडतात. आणि वाढत वाढत जायचं कुठे? 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 47,79,661 होती. दुपटीनं जाणारं झाड तेविसाव्या ओळीत अख्खा जिल्हा संपवतं, पाळण्यातल्या पोरासकट.

प्रत्यक्षात झाड एका बाजूला कलतं. वरचा माणूस तुमची एक बाजू भरून देतो, त्याला पॉवर लेग म्हणतात. ती बघून तुम्हाला वाटतं, शंभर माणसं तर तयारच आहेत, आपण फक्त दुसरी बाजू भरायची. जोडी मात्र अशक्त बाजूच्या मापानंच जुळते. भाच्याच्या मोबाईलवर एकीकडे मोठा आकडा चमकत होता आणि दुसरीकडे शून्य होतं. तो आकडा त्याच्या कामाचा नव्हताच, पण पोरगं रोज सकाळी उठून तोच बघायचं.

आता माझ्या धंद्याचं. दुकानदाराला पुड्यामागे दहा-बारा टक्के सुटतात, मला चार-पाच. त्यातून डिझेल, पोरांचे पगार, उधारीचं व्याज. कमाई फार नाही. पण मला मिळणारा प्रत्येक पैसा कुठून येतो ते मी दाखवू शकतो. देसूरमधली कुठली तरी बाई चहाबरोबर खायला बिस्किटाचा पुडा घेते, आणि तिला माझं नावसुद्धा माहीत नसतं. ती डीलर व्हायला आलेली नाही. उंदरानं कुरतडलेला माल, मुदत संपलेला माल मी क्लेम लावून कंपनीला परत करतो, कारण खपला नाही तर तो माल कंपनीचाही तोटा असतो. भाच्याच्या बाबतीत तो खोका पलंगाखाली कुजला तरी वरच्या कुणाचं काही बिघडत नव्हतं. त्यांचा धंदा पैसे भरले त्या दिवशीच झाला होता.

दुकानाशिवाय घरोघरी माल विकणं यात वाईट काही नाही, हे मी त्याला बजावून सांगितलं. शहापूर-वडगावच्या मागावरच्या साड्या घेऊन गल्लोगल्ली हप्त्यानं विकणाऱ्या बायका आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांनी कधी कुणाला डावीकडे-उजवीकडे बसवलं नाही. हाताखालच्या माणसाच्या कामावर वरच्याला काही मिळणं, यातही आपोआप खोट नसते. विम्याच्या धंद्यात डेव्हलपमेंट ऑफिसरचं काम त्याच्या एजंटांच्या धंद्यावरच मोजतात. पण तिथे पैसा विमा काढणाऱ्या माणसाच्या हप्त्यातून येतो. नुसता एजंट नेमला म्हणून तिजोरीत पैसा पडत नाही.

हिशेब झाल्यावर भाचा बराच वेळ वहीकडे बघत बसला आणि म्हणाला, "पण कंपनी रजिस्टर्ड आहे, मामा. जीएसटी नंबर आहे, डब्यावर एफएसएसएआयचा नंबर आहे." हे मीटिंगमध्येही सांगितलं होतं. जीएसटी नंबर माझ्या गोदामालाही आहे. तो कर भरण्यासाठी असतो, आणि डब्यावरचा नंबर डब्यातल्या खाण्याच्या वस्तूपुरता. प्लॅन चांगला की वाईट हे या दोन्हींपैकी कुठल्याच खात्यानं तपासलेलं नसतं.

माझ्या जीएसटीचं काम बघणारे वकील आहेत, त्यांच्याकडे आम्ही कागद घेऊन गेलो. त्यांनी दोन गोष्टी समजावल्या. 1978 चा एक केंद्रीय कायदा आहे, बक्षीस चिट्स आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा. सभासद भरती होण्यावर अवलंबून असलेल्या पैशांचं आमिष दाखवणारी योजना त्यात येते. आणि बंदी फक्त चालवणाऱ्यावर नाही, अशा योजनेत सभासद होणं, पैसे देणं-घेणं हेसुद्धा त्यात मना आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "मी फक्त खालचा माणूस" हे उत्तर तिथे पुरत नाही. हे ऐकून भाच्याचा चेहरा उतरला, कारण त्यानं दोस्ताला आणलं होतं.

दुसरी गोष्ट कामाची निघाली. डिसेंबर 2021 पासून थेट विक्रीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली वेगळे नियम आहेत. थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड, म्हणजे खाली माणसं जोडत जाणारी साखळी, चालवायला त्यात बंदी आहे, आणि सभासद होण्याची फी घेता येत नाही. विक्रेत्याशी लेखी करार करावा लागतो, आणि करार केल्यावर ठरावीक मुदतीत, दंड न भरता, तो मोडून पैसे परत घ्यायची सोय ठेवावी लागते. ती मुदत किती हे करारात बघायचं. भाच्याकडे कराराचा कागद नव्हता. मोबाईलवर ओटीपी टाकून त्यानं तो मान्य केला होता. आयडीच्या पानावर खाली बारीक अक्षरांत इंग्रजी करार सापडला, मुदत तीस दिवसांची. त्यातले थोडेच उरले होते.

त्या रात्री काय काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. आधी खोक्यातला प्रत्येक डबा, त्याचं सील आणि बॅच नंबर दिसेल असे फोटो काढले. आयडीच्या पानाचे, बिलाचे आणि पैसे पाठवल्याच्या नोंदीचे स्क्रीनशॉट घेतले. आयडी बंद झाली की ती पानं परत दिसत नाहीत, म्हणून हे सगळं अर्जाच्या आधी. मग साधा अर्ज लिहिला: अमुक तारखेचा करार, अमुक आयडी, मुदतीत रद्द करतो आहे, सीलबंद माल परत घ्या आणि रक्कम माझ्या खात्यावर जमा करा. अपलाइनला, म्हणजे वरच्या माणसांना, एक शब्दही कळवला नाही. अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर आणि तोच नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं. ईमेलला वेळेची नोंद असते आणि पोस्टाला पावती, दोन्ही हवं.

पैसे पाठवल्याची नोंद बघताना एक भानगड लक्षात आली. भाच्यानं दहा हजार त्या कोटवाल्या सरांच्या स्वतःच्या यूपीआयवर पाठवले होते. बिल मात्र कंपनीचं, साडेनऊ हजारांचं. वरचे पाचशे "मीटिंग आणि ट्रेनिंगचे" म्हणून. त्यांची पावती नाही.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला, म्हणजे कंपनीकडून वर खाली झालंच होतं. आधी समजूत घातली, मग "लूझर लोकांच्या नादी लागू नको" म्हणाले, म्हणजे माझ्या. शेवटी म्हणाले, माल एकदा घेतला की परत होत नाही. कंपनीकडून ईमेलला पोच आली, पण पुढे काही हलेना. नियमात तक्रार साधारण महिन्याभरात निकाली काढायची आहे. ते दिवस उलटू दिले आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, अर्ज आणि पोस्टाची पावती जोडून. त्यानंतर कंपनीकडून माणूस बोलला. खोका परत कुरिअर करायला सांगितला, खर्च आमचा. प्रोटीनचा डबा भाच्यानं फोडून निम्मा खाल्ला होता, त्याचे पैसे कापले. ते मला रास्त वाटलं, उघडलेला माल मीही क्लेममध्ये घेत नाही. बाकीची रक्कम खात्यावर आली.

इतक्या सहज मिळालं कारण मुदत शिल्लक होती, बाकीचा माल सीलबंद होता आणि बिल कंपनीच्या नावाचं होतं. यातलं एक जरी नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागलं असतं, आणि तिथे तारखा पडतात. जिथे बिलच नाही, माल नावालाही नाही, नुसते ॲपवर पैसे भरून माणसं जोडायची आहेत, तिथे परत मागायला समोर कुणी नसतं. तिथे थेट पोलीस स्टेशन, आणि पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर तातडीनं 1930.

पाचशेंसाठी भाच्यानं सरांना दोनदा मेसेज टाकला. दोन्ही मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. कंपनी म्हणते, ते तुमच्या दोघांतलं.

दोस्ताचं मात्र जमलं नाही. आमचा अर्ज गेला तेव्हाच भाचा वही घेऊन त्याच्या घरी गेला, त्रेसष्टांचं झाड उलगडून दाखवलं, त्याची तीस दिवसांची मुदत अजून शिल्लक आहे हेही सांगितलं. दोस्तानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझ्याखाली दोघं बसलेत की रे. मी निघालो तर त्यांना काय तोंड दाखवू?" त्यातला एक त्याचा सख्खा मेव्हणा आहे.

आता उजवी बाजू भरायला दोस्त माझ्या लाइनवरच्या दुकानदारांना भेटतोय. गेल्या आठवड्यात देसूरच्या एका दुकानदारानं मला विचारलं, "तुमच्या भाच्याचा दोस्त आला होता, साबणाची एजन्सी देतो म्हणत होता. घेऊ काय?" मी त्याला म्हटलं, त्या साबणाची एक वडी छापील किमतीला तुमच्या गिऱ्हाइकाला विकून बघा, विकली गेली तर घ्या.

त्यानं वडी उलटून किंमत बघितली आणि काउंटरखाली ठेवून दिली.